छोटी लिंक, लॅबचा रिपोर्ट आणि भाचेसाहेबांचा क्लिक रेट

प्रश्न: आमचा छोटा व्यवसाय आहे. ग्राहकांना एसएमएसमधून लिंक पाठवायची आहे. लिंक छोटी हवी, कोणी उघडली तेही कळायला हवं, पण मेसेज फ्रॉड वाटू नये. फुकटचा शॉर्टनर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. हे एका शब्दात सांगून थांबलो असतो, पण या विषयावर मी दोन वर्षं एका माणसाशी भांडलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मी एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळतो. जिल्ह्याच्या गावी मुख्य लॅब, तालुक्यांत कलेक्शन सेंटर. सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट. डॉक्टरांचा भाचा एमबीए करून आला आणि मार्केटिंग बघू लागला. त्याने आल्या आल्या एक फुकटचा शॉर्टनर शोधला, मला न विचारता मेसेजचा मजकूर बदलला. तो असा होता: "Dear Customer, your report is ready. Click now" आणि पुढे कुठल्यातरी परक्या डोमेनची लिंक. लॅबचं नाव नाही, पेशंटचं नाव नाही. वर रात्री पावणेबारालासुद्धा जायचा, कारण डॉक्टरांनी रिपोर्ट तपासून ओके केला की सिस्टीम लगेच मेसेज सोडायची.

तिसऱ्या दिवशी एक रिटायर्ड एसटी कंडक्टर काउंटरवर आले. मोबाईल काचेवर आपटला आणि म्हणाले, "हे तुमचंच आहे का चोरांचं, ते आधी सांगा." लिंक उघडली का असं रिसेप्शनवरच्या मुलीने विचारल्यावर म्हणाले, "बँकवाले रोज सांगतात दाबू नका. तुम्ही म्हणता दाबा. ऐकायचं कुणाचं?" त्यांचं काय चुकलं? आज रात्री वीज तोडणार म्हणून धमकावणारे मेसेज ज्याने पाहिलेत, तो "click now" वाचून फोन खिशातच ठेवणार. आठवडाभर रिसेप्शनचा फोन खणखणत राहिला, सगळ्यांचा प्रश्न एकच: मेसेज खरा आहे ना?

भाचेसाहेब मात्र खूश. २१२ मेसेज गेले, १७० क्लिक आले, असा तक्ता त्यांनी डॉक्टरांना दाखवला. मला शंका आली, कारण १७० जणांनी रिपोर्ट पाहिला असता तर फोन कशाला वाजले असते? मी वेळा काढून बघितल्या. त्यातले १३१ क्लिक मेसेज पोचल्यापासून पाच सेकंदांच्या आत पडलेले. माणसाला खिशातून फोन काढायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. काही मेसेज ॲप लिंकचा प्रीव्ह्यू आणायला ती स्वतःच उघडतात, काही सुरक्षा ॲप तपासायला उघडतात, आणि शॉर्टनर बिचारा प्रत्येक उघडणं क्लिक म्हणून मोजतो. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "तुम्हाला मार्केटिंग कळत नाही." असेल.

खरी गंमत पुढे झाली. छोटी लिंक शेवटी ज्या पत्त्यावर जायची त्यात रिपोर्टचा नंबर उघडा होता, ओळीने चढत जाणारा. एका कॉलेजच्या पोराने ब्राऊझरमध्ये शेवटचा आकडा एकने कमी केला आणि त्याच्या आधी रक्त दिलेल्या बाईंचा थायरॉईडचा रिपोर्ट उघडला. पोरगा सज्जन, येऊन सांगून गेला. भाच्याचं म्हणणं, "असं कोण करतं?" अरे, त्या पोराने केलंच की! त्या दिवशी डॉक्टरांनी सगळं माझ्या हातात दिलं.

आता मी काय केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी लॅबच्या स्वतःच्या डोमेनवर एक सबडोमेन काढलं. इथे खरं नाव लिहीत नाही, `r.example.com` समजा. पावतीवर, पाटीवर, रिपोर्टच्या कागदावर जे नाव छापलंय तेच लिंकमध्ये दिसतं, आणि लिंक उघडल्यावर वरच्या पट्टीतही तेच राहतं. मध्ये दुसऱ्या कुठल्या डोमेनवरून उडी नाही. भारतात हा आता केवळ आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट म्हणजे मजकुराचा साचा नोंदवावा लागतो हे तुम्हाला माहीत असेलच. त्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार नियामक ट्रायच्या आदेशाने, नोंदवून व्हाइटलिस्ट न केलेली लिंक असलेला मेसेज ऑपरेटर अडवतात. प्रत्येक पेशंटची लिंक वेगळी असली तरी चालते. लिंकचा सुरुवातीचा न बदलणारा भाग व्हाइटलिस्ट करायचा आणि शेवटचा कोड बदलता ठेवायचा.

मग मजकूर. सध्या तो असा जातो:

"सविताताई, तुमचा १२ जूनचा रक्त तपासणी रिपोर्ट तयार आहे. पावतीचे शेवटचे अंक ४४१७. https://r.example.com/K7M4QX2P"

आणि शेवटी लॅबचं नाव. यात जीव आहे तो पावतीच्या चार अंकांत. नाव आणि मोबाईल नंबर चोरांकडेही असतात, बाजारात याद्या विकल्या जातात. पण काल तुमच्या हातात दिलेल्या पावतीचे अंक त्यांच्याकडे नसतात. आमचे पेशंट आता खरंच पावती काढून ताडून बघतात, मी काउंटरवर उभा राहून पाहिलंय. "क्लिक करा", "त्वरित", "अन्यथा" यातलं काहीही नाही. "पुढच्या तपासणीवर २० टक्के सूट" हेही नाही. भाच्याला ते शेपूट जोडायचं होतं. पण जाहिरात आली की मेसेजची वर्गवारी बदलते, आणि आता हेडरच्या शेवटी जाहिरातीला -P, सेवेच्या मेसेजला -S, व्यवहाराच्या मेसेजला -T दिसतं. रिपोर्टच्या मेसेजमध्ये सूट घुसवणं नियमात बसत नाही आणि संशय वाढवतं ते वेगळंच. रात्री नऊनंतर तयार झालेला रिपोर्ट आम्ही सकाळी आठला पाठवतो. डॉक्टरांना तातडीचं काही दिसलं तर ते सरळ फोन करतात, एसएमएसवर विसंबत नाहीत.

लिंक छोटी का हवी, याचं खरं कारण मराठी आहे. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०, आणि मेसेज लांबला आणि तुकडे जोडून गेला तर प्रत्येक तुकड्याला ६७. त्यात काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. "रिपोर्ट" आपल्याला तीन-साडेतीन अक्षरांचा वाटतो, मोजणीत तो सात आहे. वरचा मेसेज ११० भरतो, म्हणजे दोन तुकडे, दोन मेसेजचे पैसे. दोन तुकड्यांत १३४ बसतात, म्हणून लॅबच्या नावाला २४ उरतात. लिंकमध्येच साठ अक्षरं गेली असती तर तिसरा तुकडा लागला असता. पैसे वाचवायला इंग्रजीत पाठवा असं कोणी सांगेल. आमच्याकडे सत्तरीच्या आज्या येतात, मी मराठीच ठेवलं.

त्या कोडबद्दल. तो रँडम हवा, ओळीने नको, आणि मोबाईल नंबरवरून काढलेला तर मुळीच नको. शून्य-ओ, एक-एल अशी फसवी चिन्हं काढून मी ३२ चिन्हं ठेवली, कारण लोक लिंक फोनवरून मुलाला वाचून दाखवतात. सहा जागा घेतल्या तर १०७ कोटी कोड होतात. ऐकायला खूप वाटतं, पण ५० हजार लिंका चालू असतील तर अंदाजाने साधारण २१ हजार प्रयत्नांत एखादी लागते, आणि मशीनला २१ हजार म्हणजे काहीच नाही. आठ जागा घेतल्या की तेच दोन कोटींच्या वर जातं. दुकानाच्या ऑफरची लिंक असेल तर सहा पुरेत, रिपोर्टला आठ.

मोजणी इथे होते. सर्व्हर कोड ओळखतो, वेळ लिहून ठेवतो आणि पुढे पाठवतो:

```
HTTP/1.1 302 Found
Location: https://r.example.com/report?t=K7M4QX2P
Cache-Control: no-store
```

इथे 301 देऊ नका. तो कायमचा समजून ब्राऊझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला न विचारता थेट आत जातो, मग तो क्लिक तुम्हाला कळतच नाही. आणि ही नुसती नोंद मी क्लिक धरत नाही. पानावर पेशंटचं जन्मवर्ष विचारतो आणि खाली "रिपोर्ट पाहा" असं बटण आहे. बटण दाबलं, वर्ष जुळलं, की एक मोजायचा. प्रीव्ह्यू आणणारं ॲप लिंक उघडतं, पण वर्ष भरून बटण दाबत बसत नाही. लिंक "एकदाच चालेल" अशी ठेवायची असेल तरीही ती बटणावरच संपवा, नुसत्या उघडण्यावर संपवलीत तर ॲपच ती खाऊन टाकेल आणि पेशंटला "लिंक संपली" दिसेल. जन्मवर्ष हे फार भक्कम कुलूप नव्हे, शंभरेक प्रयत्नांत कोणीही उघडेल, म्हणून पाच चुका झाल्या की लिंक बंद आणि काउंटरला फोन. ओटीपी, आधार, कार्ड यातलं काही त्या पानावर मागू नका. तुम्ही कितीही खरे असलात तरी मागणारा चोरच वाटतो.

अशा मोजणीत आमचा आकडा भाच्याच्या तक्त्यापेक्षा कमी आला, हे खरं आहे. त्याने तो कागद अजून जपून ठेवलाय म्हणे. पण मेसेज खरा आहे का असं विचारणारे फोन जवळजवळ बंद झाले, आणि मी मोजतो ते तेच. तुमच्याकडेही रिसेप्शनवर एक वही ठेवा आणि असे फोन किती आले ते लिहा.

माझीही एक चूक सांगून टाकतो, नाहीतर भाचा कुठेतरी लिहील. ऑक्टोबरच्या त्या तारखेआधी मी मुख्य डोमेन व्हाइटलिस्ट केलं आणि `r.` वालं विसरलो. सकाळचे सगळे मेसेज अडकले. काउंटरवर रांग लागल्यावर मी एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेचा डिलिव्हरी रिपोर्ट उघडला, तेव्हा एकूण एक फेल दिसले. स्वतःच्या फोनवर एक टेस्ट पाठवली असती तर आदल्या रात्रीच कळलं असतं. व्हाइटलिस्टमध्ये http आणि https, www असणं-नसणं हेसुद्धा टेम्प्लेटशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

आणि हे सगळं रोज शे-दोनशे मेसेज असतील तर. महिन्याला चाळीस मेसेज जात असतील तर एवढी यातायात करू नका, व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा आणि फोन करून सांगा.

डोमेन रिन्यू करायचं मात्र विसरू नका. ते सुटलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर लोकांच्या फोनमध्ये पडून असलेल्या तुमच्या जुन्या सगळ्या लिंका त्याच्या हातात जातात, तुमच्या नावासकट. आमचं डोमेन भाच्याच्या कार्डवर होतं आणि कार्डची मुदत संपलेली. चार दिवस उरले असताना मला मेल दिसला. आता ते लॅबच्या नावावर आहे, आणि पासवर्ड मी त्याला दिलेला नाही.