बीएस्सी केमिस्ट्री, सेकंड क्लास, फुल टाइम नोकरी. पेटंट एजंटची परीक्षा देता येते का, आणि तयारीसाठी नोकरी सोडावी लागते का?

देता येते आणि नोकरी अजिबात सोडू नका.

पेटंट कायद्याचं कलम 126 काढून वाचा, अर्ध्या पानाचं पण नाही. भारताचा नागरिक, 21 वर्षं पूर्ण, आणि सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री. टक्केवारीचा तिथं उल्लेखच नाही. मास्टर्स पाहिजे असं जे तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल ते पेटंट एक्झामिनरच्या भरतीचं आहे, ती सरकारी नोकरी, तिथं सायन्सवाल्यांना मास्टर्स लागतं. एजंटची परीक्षा वेगळी. या दोन गोष्टींची सरमिसळ करून लोकं चांगल्या पोरांचं वर्ष वाया घालवतात.

माझंच सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, सोयाबीन तेलाच्या एका प्लांटमधे लॅब केमिस्ट आहे, सकाळी सात ते तीन ड्यूटी. फॉर्म भरायचं ठरवलं तेव्हा आमचे भाऊजी दिवाळीला आले होते, ते पुण्याला असतात. ते जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले की हे काम वकिलांचं, साध्या बीएस्सीवाल्याचं नाही, आणि करायचंच असेल तर नोकरी सोड, पुण्याला ये, क्लास लाव. आई गप्प बसली. घरात पगार माझा एकट्याचा, बाबांच्या चार एकराचं कापसावर चालते, नोकरी सोडली असती तर त्या वर्षीचं बियाणं पण उधारीवर आणलं असतं. मी नोकरी सोडली नाही आणि पहिल्या वेळी नापास झालो, आणि भाऊजींना वाटलं त्यांचंच खरं झालं. पण मी कशामुळं नापास झालो ते नीट ऐका कारण तुमच्या कामाचं तेच आहे.

पेपर एक कायदा आणि नियमांचा, 100 मार्कांचा. पेपर दोन स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा पूर्ण लेखी तपशील, लिहिणं आणि समजून घेणं, तोही 100. मग 50 मार्कांचा व्हायवा. दोन्ही पेपरात प्रत्येकी 50 टक्के तर पाहिजेच, पण त्यासोबत सगळं मिळून 60 टक्के, म्हणजे 250 पैकी 150 लागतात. मला पहिल्यात 64, दुसऱ्यात 52, दोन्ही पेपर पास, मी घरी पेढे घेऊन गेलो. व्हायवात 28 आले. एकूण 144. सहा मार्कांनी गेलो. लोकं पन्नास-पन्नास काढून निवांत होतात, पण तसं केलं तर व्हायवात 50 पैकी 50 लागतील, ते कोणी देत नाही. खरी मारामारी पेपर दोनमधे आहे, तिथं पासष्ट-सत्तर आले की व्हायवाचा ताण राहत नाही.

आणि व्हायवात मी अडकलो कुठं, तर शेतीवर. मला विचारलं, कपाशीत निंदण करायची नवी पद्धत काढली तर पेटंट मिळेल का? मी म्हणालो नवीन असेल तर मिळेल. कलम 3(h) मधे शेतीची पद्धत हा शोधच धरलेला नाही. पद्धतीला नाही, पण त्या कामाचं अवजार नवं असेल तर त्याचा अर्ज होऊ शकतो. मी शेतकऱ्याचा मुलगा आणि हेच चुकलो, ते मला फार लागलं.

म्हणून दुसऱ्या वेळी मी अवजारांवरच सराव केला. पऱ्हाटी उपटायचा चिमटा आमच्या गोठ्यात टांगलेला असते, तो खाली काढून समोर ठेवला आणि त्याचा क्लेम, म्हणजे आपला हक्क कुठपर्यंत ते सांगणारं वाक्य, लिहायला बसलो. पहिला क्लेम असा होता की लोखंडी दीड इंची पाइपचं चार फुटी हँडल असलेला, शेतकऱ्याची कंबर न दुखवणारा चिमटा. यात दोन घोडचुका आहेत. लोखंड आणि चार फूट लिहून मी स्वतःचंच कुंपण लहान केलं, उद्या शेजाऱ्यानं ॲल्युमिनियमचा पाच फुटी केला की तो बाहेर. आणि कंबर न दुखणं हा फायदा आहे, वस्तूचा भाग नाही, तो वर्णनात जातो. मग असं लिहिलं: झाडाचं खोड उपटण्याचं अवजार, ज्यात एक हँडल, हँडलच्या खालच्या टोकाला जमिनीवर टेकणारा आधार, आणि त्या टोकाला जोडलेला दातेरी जबडा आहे, आणि हँडल मागे ओढल्यावर अवजार आधारावर फिरून जबडा खोड पकडून वर उचलतो. सगळं एका वाक्यात, कारण प्रत्येक क्लेम एकच वाक्य असतो. मग क्लेम 2 मधे, क्लेम 1 चं अवजार ज्यात हँडल लोखंडी पाइपचं. लोखंडाला तिथं जागा आहे. (चिमटा जुना आहे, नवीनपणा काही नाही, हे फक्त हात बसावा म्हणून. खऱ्या अर्जात आधी जुनं काय आहे ते बघून मगच कुंपण किती मोठं घालायचं ठरते.) डवरा, तिफन, प्लांटमधला फिल्टर, असे चाळीसेक लिहिले. दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण स्पेसिफिकेशन, शेवटी 150 शब्दांच्या आत ॲबस्ट्रॅक्ट.

कायद्यासाठी पहाटे चार ते साडेपाच, लाइट असो नसो. मूळ कायदा आणि नियमच वाचायचे, कोणाच्या जुन्या नोट्स नाही. 15 मार्च 2024 पासून नियम बदलले आहेत. समजा प्रोव्हिजनल, म्हणजे कच्चं स्पेसिफिकेशन, 10 जून 2024 ला भरलं, तर कम्प्लीट, म्हणजे पक्कं, 10 जून 2025 पर्यंत, आणि परीक्षणाची विनंती 31 महिन्यांत, म्हणजे 10 जानेवारी 2027 पर्यंत. जुन्या नोट्समधे 48 महिने लिहिलेले सापडतील, ते धरलं तर उत्तर जून 2028 येते, सरळ चूक. मी अशा तारखा रोज दोन काढायचो, लॅबमधे सॅम्पल तापेपर्यंत.

दुसऱ्या वेळी पेपर दोनमधे 71 आले आणि निघालो. भाऊजींना निकाल मी फोनवर नाही सांगितला, घरी आले तेव्हा चिमटा गोठ्यातून आणून तो क्लेम वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि नोकरी सोडायचा विषय परत काढला नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही, हे पण नोकरी न सोडायचं कारण आहे, ipindia.gov.in वर लक्ष ठेवा आणि मार्कांचं स्वरूप त्या वेळच्या जाहिरातीत पडताळून घ्या. आणि पास झालं म्हणजे एजंट झालात असं नाही, फॉर्म 22 भरून नाव रजिस्टरमधे चढल्याशिवाय काम घेता येत नाही. सरकारी नोकरी असेल तर ऑफिसची परवानगी लागेल, माझी खाजगी आहे, तरी मी मॅनेजरकडून लेखी घेतलं.