फोटोतला खांब काढून माणूस उभा केला, तर पाण्यात काय बदलायचं?

प्रश्न: सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून काढलेल्या फोटोतला पलीकडचा विजेचा खांब पुसला आणि त्याच जागी मामांना उभं केलं. वरचा भाग छान जमलाय. पण पाण्यात खांबाची सावली राहिली, ती पुसली तर पट्टा दिसतो. मामांचा फोटो उलटा करून काठाखाली लावला तर तेही चिकटवल्यासारखं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर: आधी मामांचं बघू, कारण खांबाच्या जागेवर ते उभे आहेत आणि त्यांचं सगळं माप तो खांबच देतो. म्हणून खांब न पुसलेली मूळ फाइल पुन्हा उघडा.

तुमचा कॅमेरा पाण्यापासून ३ मीटर उंच असेल, तर पाण्यात दिसणारं दृश्य हे पाण्याच्या पातळीखाली ३ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला दिसेल तसं असतं. इतक्या खालून बघताना पलीकडच्या काठाची भिंत मध्ये येते. भिंतीच्या अगदी कडेला उभा असलेला माणूस पाण्यात पूर्ण दिसतो, पण दहा-पंधरा पावलं मागे गेला की त्याचे पाय आणि कंबर भिंतीआड जातात. तुम्ही मामांना बूट-चपलांसकट पाण्यात उतरवलंय, ते म्हणूनच खोटं वाटतं.

हिशोबासाठी काही आकडे धरू. ही तलावाची मोजमापं नव्हेत, सोयीचे आकडे आहेत. पलीकडची भिंत ६० मीटरवर आणि पाण्यापासून २ मीटर उंच. खांब तिच्या मागे १५ मीटर, म्हणजे तुमच्यापासून ७५ मीटरवर. फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा, कॅमेरा सरळ धरलेला. अशा फोटोत साधारण २४ मिमीच्या लेन्सला (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) पुढची मापं येतात. वरून मोजलं तर खांबाचा शेंडा १३६० व्या रांगेत, पाण्यातला शेंडा ३१२० व्या रांगेत. दोन्हींचा मध्य २२४०. हा तुमचा आरशाचा अक्ष.

आता गंमत बघा. भिंत पाण्याला टेकते ती रांग २३००. सगळेजण तिथूनच फोटो उलटा करतात, आणि ६० पिक्सेलची चूक तिथेच होते. खांब भिंतीच्या मागे असल्यामुळे त्याचा अक्ष भिंतीआड, वर लपलेला असतो. वस्तू जितकी लांब तितका तिचा अक्ष वर. त्यामुळे पाण्यातल्या देवळाच्या शिखरावरून काढलेला मध्य मामांना लागू पडत नाही, देऊळ वेगळ्या अंतरावर आहे.

मामांचं डोकं १९४४ व्या रांगेत, पाय २०८० मध्ये. डोकं अक्षापासून २९६ रांगा वर, म्हणून पाण्यात ते २९६ रांगा खाली, २५३६ व्या रांगेत. भिंतीचं स्वतःचं प्रतिबिंब २३०० पासून २५०० पर्यंत पसरलंय, आणि त्या पट्ट्यात मामा दिसणार नाहीत. उरले ३६ पिक्सेल: डोकं आणि खांदे, बस. खात्री करायची तर मूळ फोटोत खांबाकडे बघा. त्याचं प्रतिबिंबही २५०० च्या खालीच सुरू झालेलं असेल.

म्हणजे करायचं एवढंच: मामांचा थर डुप्लिकेट करा, उभा उलटा करा, डोकं २५३६ वर बसवा, आणि मास्कने २५०० च्या वरचं सगळं झाका. डावीकडे-उजवीकडे सरकवू नका. वस्तूचा बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत असतात. फोटो तिरका वाटत असेल तर तो सरळ करायलाही हीच रेषा वापरा, समोरचा काठ वापरू नका. काठ तिरपा जात असला तर तो फोटोतही तिरपाच दिसायला हवा. कॅमेरा वर किंवा खाली कललेला असेल तर मध्य काढायची ही रीत थोडी चुकते, म्हणून उभ्या रेषा आधी सरळ करून घ्या.

रंगाचं म्हणाल तर पाण्यातला मामा मूळ मामापेक्षा फिका हवा. पांढरा सदरा पाण्यात थोडा मळकट दिसतो, पण काळे केस मात्र उजळतात, कारण गढूळ पाण्याचा स्वतःचा हिरवट रंग त्यांच्यावर चढतो. नुसती ब्राइटनेस कमी केली तर केस कोळशासारखे होतात. Curves मध्ये काळं टोक वर उचला आणि पांढरं टोक खाली आणा, किती ते शेजारचं झाड आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब ताडून ठरवा. मग Motion Blur, कोन ९० अंश, ८ ते १० पिक्सेल. आडवा ब्लर नको, कारण लाटा प्रतिबिंबाला उभं ताणतात. फोटोशॉपमध्ये शेवटी Blend If मधला Underlying Layer चा पांढरा त्रिकोण Alt दाबून फोडा, म्हणजे लाटांचे चमकते तुकडे मामांवरून वर येतील.

आता खांबाचा पट्टा. तो उरतो याचं कारण तुम्ही बहुतेक वरचं किंवा खालचं पाणी घेऊन भरलंय. तलावात जवळच्या लाटा मोठ्या दिसतात, लांबच्या बारीक. शिवाय लांबचं पाणी तिरक्या नजरेने दिसतं म्हणून आरशासारखं चमकतं, आणि जवळच्या पाण्यात पाण्याचाच रंग जास्त उतरतो. त्यामुळे भरणी कायम त्याच रांगेतली हवी. पाण्याचा थर डुप्लिकेट करा, Shift धरून फक्त आडवा सरकवा, समजा ३०० पिक्सेल, मग काळा मास्क लावून पांढऱ्या मऊ ब्रशने खांबापुरताच उघडा. अर्धा भाग डावीकडून, अर्धा उजवीकडून घ्या, नाहीतर तीच लाट शेजारी शेजारी दोनदा दिसते. आभाळाचा उजेड एका बाजूला जास्त असेल तर त्या थराला वेगळं Curves लावून मिळवून घ्या.

पुसताना ३१२० ला थांबू नका. लाटांनी तोडलेले खांबाचे काळे तुकडे हिशोबाच्या शेंड्याच्याही खाली, तुमच्याकडे सांडलेले असतात. गड्ड्याच्या यात्रेतला रात्रीचा फोटो असेल तर हे फारच वाढतं: एका दिव्याचा उजेड पार अलीकडच्या काठापर्यंत लांबतो, आणि दिवा काढला की तो सगळा पट्टा काढावा लागतो.

गढूळ पाण्यावर खांबाची खरी सावलीही पडू शकते. ती सूर्याच्या विरुद्ध दिशेला जाते, प्रतिबिंब मात्र सरळ तुमच्याकडे येतं. फोटोत दोन पट्टे दिसले तर दोन्ही पुसा.

आणि वारा इतका असेल की शेजारच्या झाडाचं प्रतिबिंबच ओळखू येत नाही, तर मामांचे ते ३६ पिक्सेल बसवायच्या भानगडीत पडू नका, पाणी तसंच ठेवा.