कार्डाचे नंबर ‘एन्क्रिप्ट’ करून ठेवले तर चालतील का?

*फोंड्यात आमचं काजूचं दुकान आहे, वेबसाइटवरूनही विकतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे संगणकात लिहून ठेवलेत, फोनवर ऑर्डर आली की बरं पडतं. आता पेमेंट कंपनीने पीसीआयचा, म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमांचा, फॉर्म पाठवलाय. वेबसाइटवाला म्हणतो, यादी एन्क्रिप्ट करू, मग सगळीकडे ‘हो’ लिहा. लिहू का?*

नका लिहू. यादी कुलपात आहे की उघड्यावर, हा प्रश्न नंतरचा. ती ठेवायची परवानगीच तुम्हाला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्डाचा पूर्ण नंबर फक्त कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क साठवू शकतात. हिशेब जुळवायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवा, बस्स. मागचे तीन आकडे तर व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानदाराने एन्क्रिप्ट करूनही ठेवायचे नाहीत, असं पीसीआय सांगतं.

तेव्हा यादी पुसा. एक्सेलपुरतं थांबू नका: वेबसाइटचा बॅकअप, व्हॉट्सॲपवर आलेले कार्डाचे फोटो, गल्ल्यावरची वहीसुद्धा पाहा. काय, कधी पुसलं याची नोंद ठेवा, नंबर न लिहिता. मात्र एखाद्या गिऱ्हाइकाच्या कार्डावर गैरव्यवहार झाल्याची तक्रार आधीच आली असेल, तर हात लावू नका. आधी बँकेला कळवा आणि वकिलाला भेटा, नाहीतर पुरावा नष्ट केल्याचा आरोप अंगावर येऊ शकतो.

नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी टोकन आहे, म्हणजे कार्डाच्या नंबराऐवजी वापरायचा वेगळा नंबर. ते त्या कार्डाला आणि तुमच्या दुकानाला बांधलेलं असतं, म्हणून चोरीला गेलं तरी दुसरीकडे वापरता येत नाही. पण जुन्या यादीवरून तुम्ही परस्पर टोकनं काढू शकत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतः संमती देऊन ओटीपी घालायला हवा, आणि संमतीच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवणं चालत नाही.

आता फॉर्म. त्याचे प्रकार असतात, त्यांना SAQ म्हणतात. ऑनलाइन विक्रीसाठी सगळ्यात छोटा तो SAQ A. नंबर गिऱ्हाईक नेमकं कुठे टाइप करतं, यावर तो तुम्हाला लागू होतो की नाही ते ठरतं. स्वतःच्या साइटवर खोटी ऑर्डर देऊन बघा. पैसे भरताना पत्ता बदलून पेमेंट कंपनीचा झाला, तर ठीक. पत्ता तुमचाच राहिला, तर क्रोममध्ये नंबराच्या चौकटीवर राइट क्लिक करून ‘Inspect’ दाबा. उघडलेल्या कोडमध्ये ती पेमेंट कंपनीचा पत्ता असलेल्या ‘iframe’च्या आत दिसली, तर चौकट बहुधा पेमेंट कंपनीची असते. तशी दिसली नाही, तर चौकट तुमच्या वेबसाइटवाल्याने बनवलेली असू शकते. मग SAQ A-EP लागू होतो, आणि नंबर तुमच्या सर्व्हरवरून जात असेल, तर SAQ D, म्हणजे लहान दुकानाला न पेलणारं काम. नंबर कुठून जातो हे वेबसाइटवाल्याकडून लेखी घ्या आणि चौकट पेमेंट कंपनीचीच लावायला सांगा. तेवढ्यानेच बोजा उतरतो.

फॉर्मवर सही तुमची असते, वेबसाइटवाल्याची नव्हे. उद्या डेटा फुटला आणि ‘आम्ही काही साठवत नाही’ हे लिहिलेलं खोटं निघालं, तर पेमेंट कंपनीशी केलेल्या करारातलं भरपाईचं कलम तुमच्यावरच लागेल. ते कलम आजच काढून वाचा.

फोनवरच्या ऑर्डरीला नंबर विचारू नका, पेमेंट लिंक पाठवा.