बर्फाच्या गावात सोलर प्लेटचा उतार किती ठेवावा?

प्रश्न: आम्ही यवतमाळकडं सोलर फिटिंग करतो. लाहौलमधल्या एका होमस्टेचं काम चालून आलंय. आपलं नेहमीचं २० अंशाचं स्ट्रक्चर तिथं चालेल का? प्लेटवर तर ५४०० पास्कल लिहिलेलंच आहे.

उत्तर:

नाही भाऊ, २० अंश आपल्या उन्हासाठी बरोबर. तिथं ४५ तरी घ्या, जमलं तर ५० ते ६०. डिसेंबरात दुपारचा सूर्यही तिथं खूप खाली असतो, त्यामुळे जास्त उताराच्या प्लेटला हिवाळ्यात ऊन जास्तच मिळतं. उन्हाळ्यात थोडी वीज कमी होईल, ती होऊ द्या.

आता वजन. दबलेल्या जुन्या बर्फाचं घनमीटरला ३०० किलो धरा. दोन फूट, म्हणजे ६० सेंमी थर असला तर जमिनीवर चौरस मीटरला १८० किलो. इमारतींवरच्या बर्फभाराच्या आयएस ८७५ भाग ४ प्रमाणे ३० अंशांपर्यंतच्या उतारावर याचा ०.८ हिस्सा धरतात, पुढे तो कमी होत ४५ अंशांना ०.४ आणि ६० अंशांना शून्य होतो. लांब बाजू वर-खाली ठेवून लावलेल्या सव्वादोन मीटरच्या प्लेटवर २० अंशांना साधारण ३५० किलो येतात, ४५ ला १३०.

५४०० पास्कल म्हणजे चौरस मीटरला ५५० किलो, मग भीती कशाची? तो आकडा सारख्या पसरलेल्या भाराच्या चाचणीचा आहे, सुरक्षेचं मार्जिन त्यातच धरलेलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच भार धरायचा, आणि क्लॅम्प कंपनीनं सांगितलेल्या जागीच हवेत. बर्फ सारखा बसून राहत नाही. उतारावर बैलगाडीतला माल मागच्या फळीवर येतो, तसा तो हळूहळू सरकून खालच्या फ्रेमवर रेटतो. फ्रेमच्या काठाला गोठला की आणखी ओढतो. वसंतात पाहा: खालची फ्रेम बाहेर वाकलेली, कोपऱ्याचा सांधा उघडलेला, काच आणि फ्रेममध्ये फट. काच शाबूत दिसते म्हणून पुष्कळ जण तिकडं बघतच नाहीत.

म्हणून उताराइतकीच खालच्या कडेची उंची महत्त्वाची. घसरलेला बर्फ प्लेटखालीच ढीग करतो. ढीग कडेला टेकला की वरचा घसरायचा थांबतो, आणि ०.४ चा हिशोबही संपला. दोन फूट बर्फाच्या गावात मी कड जमिनीपासून दीड मीटर वर ठेवेन. गच्चीवर असेल तर समोर कठडा नको. एकावर एक दोन ओळी लावू नका. वरच्या प्लेटची फ्रेमच बर्फ अडवते. हाफ-कट प्लेट लांब बाजू वर-खाली ठेवून लावल्या तर खालचा अर्धा भाग झाकला तरी वरचा वीज देत राहतो.

उंच आणि उभ्या स्ट्रक्चरला वारा जास्त लागतो, त्यामुळे तिरप्या ब्रेसिंगमध्ये कंजुषी करू नका. पाया जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली न्या, नाहीतर गोठणारी माती खांब वर उचलते. ती खोली तिथल्याच गवंड्याला विचारा. आणि मालकाला बजावून ठेवा: फावडं प्लेटला लावायचं नाही, खालचा ढीग मात्र उपसायचा.