सरांचे व्याख्यान, सरांच्याच चालीत

‘यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहतो. बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या भागात कपाशीवर व्याख्याने देणाऱ्या एका सरांची ध्वनिमुद्रणे ऐकून टंकलिखित करण्याचे काम मला मिळाले आहे. त्या मजकुरावरून सर पुन्हा बोलून व्हिडिओ करणार आहेत. मी “अं”, “म्हणजे”, “तर”, “बरं का” हे सगळे काढून दिले, तर सर म्हणाले की हे माझे बोलणे वाटत नाही, हे पत्रक झाले. शब्द तर त्यांचेच होते. मग चुकले कुठे? आणि असे काम पुढे व्यवसाय म्हणून करता येईल का?’

तुमच्या सरांचे म्हणणे बरोबर आहे आणि चूक नेमकी कुठे झाली तेही दाखवता येते. तुम्ही शब्द त्यांच्या रूपावरून काढलेत, कामावरून नाही. वक्त्याच्या तोंडी येणारा ‘म्हणजे’ कधी निव्वळ पुढचा शब्द सापडेपर्यंतची वाट पाहणे असतो, तर कधी त्याच्यामागे खरोखरच खुलासा येत असतो. ‘तर’सुद्धा कधी नुसता उसासा असतो आणि कधी मुद्दा बदलल्याची खूण. एकच शब्द एका ओळीत कचरा आणि दुसऱ्या ओळीत आधार असू शकतो, म्हणून प्रत्येक जागी ध्वनिमुद्रण ऐकूनच निर्णय घ्यावा लागतो.

तुमच्या सरांच्या विषयातलाच, गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांचा, एक नमुना मी रचला आहे. जसाच्या तसा उतरवलेला मजकूर असा असेल: ‘तर आता, अं, पहा, हे जे कामगंध सापळे आहेत ना, कामगंध सापळे, ते म्हणजे, हेक्टरी पाच लावायचे. पाच. बरं का. आणि मंग त्यात, म्हणजे, रोज, रोज सकाळी जाऊन मोजायचे, पतंग. आता समजा पाच, नाही, आठ, आठ पतंग एका सापळ्यात, आणि तेही सलग तीन दिवस. म्हणजे एक दिवस आले अन् दुसऱ्या दिवशी नाही आले, तर नाही. सलग तीन दिवस. मंग फवारणी.’

याची पत्रक-छाप प्रत होईल ती अशी: ‘हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस प्रति सापळा आठ पतंग आढळल्यास फवारणी करावी.’ माहिती अचूक आहे, पण हे वाक्य कृषी विभागाच्या घडीपत्रिकेतले आहे; ते कॅमेऱ्यासमोर उभ्या माणसाच्या तोंडात बसत नाही.

मी ती प्रत अशी करीन: ‘आता पहा, हे कामगंध सापळे हेक्टरी पाच लावायचे. पाच. रोज सकाळी जाऊन मोजायचे, पतंग. समजा आठ पतंग एका सापळ्यात, आणि तेही सलग तीन दिवस. एक दिवस आले अन् दुसऱ्या दिवशी नाही आले, तर नाही. सलग तीन दिवस. मंग फवारणी.’

आता यात काय गेले आणि काय राहिले ते पाहू. पहिल्या ओळीतला ‘तर’, ‘अं’, ‘ते म्हणजे’ आणि दुसऱ्यांदा आलेले ‘कामगंध सापळे’ हे सरांना पुढचे वाक्य जुळवायला लागले होते, त्यामुळे ते गेले. ‘आता पहा’ मात्र राहिले, कारण तिथून सर नवा मुद्दा उघडतात आणि समोरचे लोक मान वर करतात. ‘रोज, रोज’ हे अडखळणे होते, म्हणून एकच ‘रोज’ उरला. ‘पाच’ची पुनरावृत्ती मात्र आकडा ठसवण्यासाठी होती, म्हणून ती स्वतंत्र वाक्य होऊन राहिली, तिच्यामागचे ‘बरं का’ तेच काम दुसऱ्यांदा करत होते, ते काढले. दोन्हीकडे शब्द दोनदाच आला आहे, तरी कानाला फरक लगेच कळतो: अडखळताना दुसरा शब्द पहिल्याला चिकटून आणि त्याच सुरात येतो, ठसवताना मध्ये विराम असतो आणि आवाज खाली उतरतो. ‘पाच, नाही, आठ’ ही जिभेची चूक होती, त्यातला फक्त दुरुस्त केलेला आकडा ठेवला. मात्र जिथे सर प्रचलित गैरसमज बोलून दाखवून मग तो खोडून काढतात, तिथे दोन्ही ठेवावे लागतात.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे क्रियापदानंतरचे शब्द. लिहिताना आपण क्रियापद शेवटी टाकतो, पण बोलताना मराठी माणूस सर्रास ‘मोजायचे, पतंग’ असे म्हणतो. हा शेपटीचा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात उरावा म्हणून मुद्दाम टाकलेला असतो, किंवा आधी विसरला म्हणून मागून जोडलेला असतो. पहिला हलवू नये. दुसरा वाक्यात आत घेतला तर काही बिघडत नाही. माझा अंदाज असा की तुम्ही प्रत्येक वाक्य क्रियापदावर संपवले असणार, आणि ‘पत्रक झाले’ हा शेरा मुख्यतः त्यामुळेच आला असणार.

‘मंग’ आणि ‘अन्’ बाबत सरांना एकदाच विचारून घ्या. शेतकऱ्यांसाठीच्या व्हिडिओत बहुतेकांना ते हवेच असतात. पण जिथे सर स्वतः ‘मग’ म्हणाले आहेत तिथे आपण होऊन वऱ्हाडी रंग चढवू नका.

कामाचा क्रम असा ठेवा. मूळ उतारा वेगळ्या फाइलमध्ये राहू द्या, त्याला हात लावू नका. दुसऱ्या प्रतीवर, ऐकता ऐकता, छोट्या विरामाला एक तिरपी रेघ आणि मोठ्या विरामाला दोन, एवढ्याच खुणा करा, काटछाट त्यानंतर. संगणकातील शोधा-आणि-बदला ही सोय इथे फार घातक आहे: ‘तर’ सरसकट काढलात तर ‘नंतर’चे ‘नं’ आणि ‘अंतर’चे ‘अं’ उरते, आणि ‘ना’ काढलात तर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मोडतो. सोय वापरायचीच तर ती फक्त शोधण्यापुरती वापरा आणि प्रत्येक जागी थांबून ठरवा. शेवटी स्वच्छ प्रत मोठ्याने वाचा आणि लगेच तोच तुकडा ध्वनिमुद्रणात ऐका. जिथे तुमचा श्वास सरांच्या आधी संपतो, तिथे तुम्ही दोन वाक्ये जोडून टाकलेली असतात. जिथे तुमचा जोर वेगळ्या शब्दावर पडतो, तिथे क्रम बदललेला असतो. अशा जागा वाक्य नुसते डोळ्यांनी वाचून सापडत नाहीत.

आकडे, औषधांची नावे आणि प्रमाण यांत शंका आली तर स्वतःच्या अभ्यासावरून दुरुस्त करू नका, जरी तुम्ही कृषीचेच विद्यार्थी असलात तरी. ध्वनिमुद्रणातील मिनिट-सेकंद लिहून शंकांची वेगळी यादी सरांकडे पाठवा. ‘5 टक्के निंबोळी अर्कासाठी 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळ्या’ यातला एक आकडा ऐकण्यात चुकला, तर तो फवारणीच्या पंपापर्यंत जाईल.

व्यवसायाबद्दल विचारलेत, तर हे काम मिळते, पण एकट्या त्यावर घर चालेल असे मी सांगणार नाही. पदवीबरोबरचे जोडकाम म्हणूनच सुरुवात करा. दर पानावर कधीही ठरवू नका, कारण काम जितके चांगले तितकी पाने कमी होतात आणि तोटा तुमचाच होतो. दर ध्वनिमुद्रणाच्या मिनिटावर ठरवा, आणि शब्दशः उतारा व स्वच्छ संहिता यांचे दर वेगळे सांगा. नव्या वक्त्याचे काम घेताना आधी त्यांच्या 2 मिनिटांच्या तुकड्याची संहिता करून द्या आणि ती त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना ते कुठल्या शब्दावर अडतात आणि कुठे स्वतःहून ‘बरं का’ घालतात ते टिपून ठेवा; बाकीचे ध्वनिमुद्रण त्या टिपणावरून करा. तुमच्या सरांकडेही आता सगळे व्याख्यान पुन्हा घेऊन जाण्याऐवजी सापळ्यांचा एवढा एकच भाग घेऊन जा.