सीएच्या आर्टिकलशिपसाठी ऑडिट फर्म निवडताना काय बघायचं?

"बीकॉम करून डायरेक्ट एन्ट्रीने इंटरचे दोन्ही ग्रुप निघालेत. पुण्यात राहतो. बिग फोर, मध्यम फर्म की घराजवळची छोटी फर्म? घरचे म्हणतात जिथे सुट्टी जास्त मिळेल ती घे, अभ्यास महत्त्वाचा. काय करू?"

तुझ्या प्रश्नातलं घरच्यांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य ऐकून मी २०१३ मध्ये फर्म निवडली होती आणि त्यात माझे अकरा महिने गेले.

मी पण बीकॉमनंतर डायरेक्ट आलेली. आमच्या वेळी क्रम उलटा होता, आधी आर्टिकलशिप सुरू करायची, नऊ महिने झाले की आयपीसीसीला, म्हणजे तेव्हाच्या इंटरला बसायचं. मामा बँकेत होते, त्यांच्या ओळखीचे एक सीए आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मामा म्हणाले, कामं काय आयुष्यभर करायचीच आहेत, आधी सीए हो, हे सर परीक्षेआधी तीन महिने सोडतील. आईला पण पटलं. स्टायपेंड महिना हजार रुपये, तेव्हा मोठ्या शहरात पहिल्या वर्षाला किमान तेवढाच होता, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नव्हता.

तिथे काय केलं ते सांगते. टॅलीत पर्चेसच्या एन्ट्र्या, व्हॅटची रिटर्न्स, बँकेत चेक टाकणे, सेल्स टॅक्स ऑफिसात कागद देऊन पोचशिक्का आणणे. सप्टेंबरात टॅक्स ऑडिट आले तेव्हा वाटलं आता ऑडिट बघायला मिळेल, तर गेल्या वर्षीचा फॉर्म उघडून आकडे बदलायचे एवढंच काम. व्हाउचरची फाईल कधी माझ्यासमोर आलीच नाही. अकरा महिन्यांत मी केलेल्या एकाही कागदावर कोणी एक प्रश्न विचारला नाही. सुट्टी मात्र मिळाली, आयपीसीसी पण निघाली, म्हणजे मामांचा हिशोब बरोबरच आला म्हणायचा.

ट्रान्सफर मागितली तेव्हा खरं कळलं. तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षात बदल सोपा होता, नंतर ठराविक कारणांशिवाय नाही, आणि फॉर्म १०९ वर प्रिन्सिपलची, म्हणजे ज्या सीएंकडे आर्टिकलशिप चालू आहे त्यांची सही लागायची. सर म्हणाले टॅक्स ऑडिटचा सीझन होऊ दे, मग बघू. सीझन संपेपर्यंत माझं वर्ष उलटून गेलं असतं. मामा मध्ये पडायला तयार नाहीत, कारण ओळख त्यांची. शेवटी आई स्वतः ऑफिसात जाऊन बसली, दोन तास बसली, तेव्हा सही मिळाली. वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे राहिले होते.

दुसरी फर्म तीन पार्टनरची, डेक्कनला, जुन्या वाड्यासारखी जागा. नाव पुण्याबाहेर कोणी ऐकलेलं नसेल. तिथे मार्च २०१५ ला मला सोलापूर जिल्ह्यातल्या एका खाजगी साखर कारखान्याच्या स्टॉक मोजणीला पाठवलं. ही गोष्ट जरा लांबते, पण तुझं उत्तर यातच आहे.

साखरेच्या गोडाऊनमध्ये ५० किलोची पोती थप्पी लावून ठेवलेली असतात. मोजायची रीत साधी, लांबीत किती पोती, रुंदीत किती, थर किती, तिन्हींचा गुणाकार. तीन नंबरच्या गोडाऊनमधली एक थप्पी ३० बाय १२, थर २०. म्हणजे ७,२०० पोती, ३,६०० क्विंटल. रजिस्टरलाही ७,२००. गोडाऊन कीपर शीट धरून सोबत, मी चारही बाजूंनी फिरून मोजलं, टिक केलं, पुढे गेले. एसए ५०१ हे ऑडिटिंग स्टँडर्ड मला तोंडपाठ होतं, स्टॉक मोजणीला ऑडिटरने हजर राहायचं वगैरे. मी हजर होतेच की.

रात्री गेस्ट हाऊसवर या नव्या फर्मच्या सरांनी शीट बघितली. त्यांना हिरव्या पेनने समासात लिहायची सवय. त्या थप्पीसमोर त्यांनी लिहिलं, "वरून पाहिलं?" बास, एवढंच. ओरडले नाहीत, समजावलं पण नाही. मी म्हटलं नाही सर, चारही बाजूंनी पाहिलं. ते म्हणाले बाजूंनी भिंत दिसते, पोती नाही दिसत.

सकाळी परत गेले. कीपर म्हणतो, मॅडम वर कशाला चढता, पडाल. शिडी मागवून घेतली आणि चढले. वर मधोमध खड्डा होता. ८ पोती लांब, ५ पोती रुंद, कडेचे थर मोजत खाली गेले तर १४ थर रिकामे. ५६० पोती, २८० क्विंटल. क्विंटलला २,७०० रुपये भाव धरला तरी साडेसात लाखांच्या वरचा माल, रजिस्टरला आहे आणि गोडाऊनला नाही. त्या साठ्यावर बँकेचं कर्ज होतं, म्हणजे बँकेला गेलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्येसुद्धा ती पोती मोजलेली.

चोरी नव्हती. पत्रा गळत होता, खालची पोती भिजली, ती काढून परत प्रोसेसला पाठवली आणि रजिस्टरला वजा करायची राहिली. म्हणून खड्डा बरोबर गळक्या पत्र्याखाली, आणि म्हणून बाहेरून थप्पी जशीच्या तशी. प्रोसेसच्या खात्यात ती साखर परत आवक म्हणून धरलेली सापडली तेव्हा उलगडा झाला, एकच माल दोनदा मोजला गेला होता. सरांनी मला तिथे बसवून प्रोसेसच्या नोंदीशी तारखा जुळवायला लावल्या, एन्ट्री दुरुस्त करून घेतली आणि मग बाकीच्या सगळ्या थप्प्या वरून बघायला लावल्या. दीड दिवस गेला त्यात.

ते दोन हिरवे शब्द मला पहिल्या फर्ममध्ये तीन वर्षं थांबले असते तरी मिळाले नसते. म्हणून माझं स्पष्ट मत, फर्म मोठी की छोटी हे नंतर बघ, आधी हे बघ की तू केलेला कागद कोण वाचतो आणि वाचून प्रश्न विचारतो का.

हे कळणार कसं? इंटरव्ह्यूत पार्टनर सगळं छानच सांगणार, सगळं एक्सपोजर मिळेल म्हणणार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या ऑफिसखाली चहाच्या टपरीवर जा, तिथले आर्टिकल्स भेटतातच. एक्सपोजर कसं आहे असं विचारू नको, त्याचं उत्तर कोणीही देतं. विचार की शेवटची कुठली फाईल तू सुरुवातीपासून सहीपर्यंत नेलीस, आणि त्यावर तुला काय क्वेरी आल्या. ज्याला खरंच रिव्ह्यू मिळतो त्याला एक तरी क्वेरी आठवतेच, बहुतेकदा चिडून सांगेल. जो नुसता "काम चांगलं आहे" म्हणेल त्याचा कागद कोणी वाचत नाही असं समज. दुसरं विचार, जुलैत काय केलंस. एप्रिलच्या बँक ब्रांच ऑडिटला आणि सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटला सगळेच कामात असतात, फर्मचं खरं रूप मधल्या महिन्यांत दिसतं. महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीची दोन रिटर्न्स, एवढ्याच तारखा कोणी सांगितल्या तर ती रिटर्न भरायची फर्म आहे. वाईट नाही, पण तिथे तू ऑडिट शिकणार नाहीस. आणि पीअर रिव्ह्यू सर्टिफिकेट आहे का तेही बघ, म्हणजे निदान बाहेरच्या कोणीतरी त्यांचे वर्किंग पेपर उघडून बघितलेत.

बिग फोरबद्दल माझा अनुभव मैत्रिणींकडून ऐकलेलाच. तिथे कागद नक्की वाचला जातो, एक सोडून तीन माणसं वाचतात, डॉक्युमेंटेशनची शिस्त लागते. पण मोठ्या कंपनीच्या ऑडिटमध्ये तुझ्या वाट्याला फिक्स्ड अ‍ॅसेट्स आले तर महिनोन्‌महिने तेच, पूर्ण ताळेबंद कसा उभा राहतो ते दिसत नाही. पुढे मोठ्या कंपनीत नोकरीच करायची असेल तर नक्की जा, स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर मी मध्यम फर्म घेईन. अर्ज करताना लक्षात ठेव, ऑडिटची आर्टिकलशिप त्यांच्या भारतीय फर्मच्या नावाने होते, ईवायचं काम एस. आर. बाटलीबॉयकडे, केपीएमजीचं बीएसआरकडे, असं.

आता सुट्टीचं. घरच्यांना सांग की ते जुन्या स्कीमचं बोलतायत. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीनची दोन वर्षं झाली, सुट्टी वर्षाला १२ दिवस, आणि फायनलला तू आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी बसणार. आम्ही शेवटच्या सहा महिन्यांत काम करता करता फायनल द्यायचो, म्हणून सुट्टीसाठी जीव टाकायचो. तुला अभ्यासाचा वेळ स्कीमनेच दिलाय. आता कोणी "चार महिने येऊ नकोस, हजेरी मी लावतो" म्हणत असेल तर ती डमी आर्टिकलशिप आहे, पकडली गेली तर तुझा ट्रेनिंगचा काळच धरला जाणार नाही. ट्रान्सफरचे आत्ताचे नियम मात्र फॉर्मवर सही करण्याआधी इन्स्टिट्यूटच्या साइटवर स्वतः वाच, माझ्या वेळचे धरून चालू नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मामांच्या मुलाने नंतर तसलीच घराजवळची फर्म घेतली, भरपूर सुट्टी घेतली आणि फायनल पहिल्या अटेम्प्टला काढली. मला दोन लागले. तो आज एका कंपनीत टॅक्सेशन बघतो आणि चांगलं बघतो. त्याला ऑडिट करायचंच नव्हतं, त्यामुळे त्याच्यापुरते मामा बरोबर होते आणि हे मी त्यांना सांगितलंय. पण मला ऑडिटच करायचं होतं, तेही मी २०१३ मध्ये सांगितलं होतं, आणि ते कोणी ऐकलं नाही. लग्नाकार्यात भेटले की अजून म्हणतात, बघ, शेवटी दोघं सीए झालातच ना. झालो. पण माझ्या सहीने रिपोर्ट जातो आणि त्याआधी थप्पीवर कोण चढलं होतं ते मी विचारते.

तुला यातलं काय व्हायचंय ते आधी घरी सांग. मग दोन-तीन फर्मच्या टपऱ्या फिरून ये आणि त्यांची नावं न लिहिता आर्टिकल्स काय म्हणाले ते खाली लिही, मी वाचते आणि उत्तर देते.