टीबीडब्ल्यू आणि डीरॅम-लेस : दोन शब्द नेमके काय सांगतात

प्रश्न : एका 500 जीबी एसएसडीच्या माहितीपत्रकात '300 टीबीडब्ल्यू' आणि 'डीरॅम-लेस' असे शब्द आहेत. 300 टेराबाइट लिहून झाले की ड्राइव्ह मरतो का? आणि डीरॅम-लेस म्हणजे कॅश नसलेला असे समजायचे का? मला तो फक्त ऑपरेटिंग सिस्टिम आणि रोजच्या कामासाठी वापरायचा आहे.

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. मात्र दोन्ही ठिकाणी गैरसमज का होतो, हे पाहिल्याशिवाय त्या 'नाही'चा फारसा उपयोग नाही.

टीबीडब्ल्यूचा विस्तार 'टेराबाइट्स रिटन' असा आहे, म्हणजे लिहिलेले टेराबाइट. हे कर्मणी रूप असल्यामुळे लिहिणारा कोण, हे त्यातून कळत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. एसएसडीमध्ये दोन पातळ्यांवर लेखन होते. संगणक ड्राइव्हकडे जो मजकूर पाठवतो ते पहिले लेखन. आणि ड्राइव्हचे आतले काम सांभाळणारा कंट्रोलर मजकूर साठवणाऱ्या फ्लॅश चिपच्या पेशींमध्ये प्रत्यक्ष जे लिहितो ते दुसरे. ही दोन मापे सारखी नसतात. फ्लॅशमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी एक मोठा ब्लॉक पुसावा लागतो, आणि त्या ब्लॉकमधला अजून कामाचा असलेला मजकूर पुसण्यापूर्वी दुसरीकडे हलवावा लागतो. म्हणून संगणकाने एक जीबी पाठवला तर आत दीड, दोन किंवा त्याहून अधिक जीबी लिहिले जाऊ शकतात. या गुणोत्तराला लेखनवृद्धी म्हणता येईल. टीबीडब्ल्यूमध्ये मोजले जाते ते फक्त पहिले, म्हणजे संगणकाने पाठवलेले लेखन. आतल्या वृद्धीचा अंदाज निर्मात्याने तो आकडा ठरवतानाच धरलेला असतो, त्यामुळे वापरणाऱ्याने तो पुन्हा वजा करायचा नसतो.

आता 'मरतो का' याविषयी. जेडेक या मानक संस्थेच्या जेईएसडी218 या मानकात या आकड्याची व्याख्या आहे आणि ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. सामान्य वापराच्या ड्राइव्हसाठी तिचा अर्थ साधारण असा : इतके लेखन होईपर्यंत ड्राइव्हची क्षमता कायम राहिली पाहिजे, न सुधारता येणाऱ्या वाचनचुकांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत राहिले पाहिजे, निकामी होणाऱ्या ड्राइव्हचे प्रमाण 3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि त्यानंतर वीज बंद ठेवून 30 अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या ड्राइव्हमधील मजकूर एक वर्ष टिकला पाहिजे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फ्लॅशची पेशी झिजते म्हणजे विद्युतभार धरून ठेवण्याची तिची ताकद कमी होते. नवा ड्राइव्ह बंद अवस्थेत मजकूर कितीतरी अधिक काळ धरून ठेवतो. टीबीडब्ल्यूच्या रेषेपर्यंत पोहोचलेल्या ड्राइव्हकडून एका वर्षाचीच अपेक्षा केलेली असते. ती रेषा ओलांडली म्हणून ड्राइव्ह त्या दिवशी थांबत नाही. मजकूर टिकण्याची हमी मात्र तिच्यापुढे उरत नाही. सर्वच निर्माते आकडा ठरवताना हे मानक सारख्याच काटेकोरपणे पाळतात असे समजू नये. अनेकदा टीबीडब्ल्यू ही वॉरंटीच्या करारातली एक अट असते : अमुक वर्षे किंवा अमुक टेराबाइट, यांपैकी जे आधी संपेल ते.

या आकड्याचे रोजच्या वापरात काय होते, हे एका नमुन्यावरून पाहू. ड्राइव्ह स्वतःची नोंद ठेवत असतो आणि `smartctl` या साधनाने ती वाचता येते. तुम्ही म्हणता तसा 500 जीबीचा, 300 टीबीडब्ल्यूचा आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा एनव्हीएमई, म्हणजे वेगवान पीसीआयई मार्गाने जोडला जाणारा, ड्राइव्ह दोन वर्षे वापरला असून त्याच्या नोंदीतल्या दोन ओळी अशा आहेत, असे धरू :

```
Percentage Used:      3%
Data Units Written:   31,250,000 [16.0 TB]
```

यातले एक एकक म्हणजे 512 बाइटचे एक हजार तुकडे, अर्थात 5,12,000 बाइट. 3,12,50,000 ला त्याने गुणले की बरोबर 16 टेराबाइट येतात. कंसातला आकडा हाच. दोन वर्षांत 16 म्हणजे वर्षाला 8 टेराबाइट, आणि दिवसाला सुमारे 22 जीबी. उरलेले 284 टेराबाइट याच गतीने लिहायला पस्तीस वर्षे लागतील. वॉरंटीची पाच वर्षे त्याच्या कितीतरी आधी संपतील आणि ड्राइव्ह बदलण्याचे कारण बहुधा वेगळेच असेल. उलट, 300 टेराबाइट पाच वर्षांत संपवायचे तर रोज सुमारे 164 जीबी लिहावे लागतील, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर व कार्यालयीन कामे यांतून इतके लेखन होत नाही. ते होताना दिसले तर रॅम अपुरी असल्यामुळे सतत चाललेले स्वॅप, म्हणजे रॅममधला मजकूर ड्राइव्हवर हलवणे, किंवा एखाद्या प्रोग्रॅमची बेसुमार वाढणारी लॉग फाइल, यांचा शोध घ्यावा.

वरच्या नोंदीत 16 भागिले 300 म्हणजे 5 टक्क्यांहून थोडे अधिक होतात, पण `Percentage Used` समोर 3 दिसतात. ही चूक नव्हे. तो आकडा संगणकाच्या लेखनावरून काढलेला नसतो. पेशी प्रत्यक्ष किती झिजल्या याचा निर्मात्याने बसवलेला तो अंदाज असतो. त्यामुळे लेखनवृद्धी कमी असेल तर तो मागे राहतो, आणि जास्त असेल तर पुढे जातो. झीज जाणून घ्यायची असेल तर टीबीडब्ल्यूच्या भागाकारापेक्षा मी याच ओळीवर अधिक विश्वास ठेवीन. ती 100 च्या पुढेही जाऊ शकते. एनव्हीएमई मानकाने तशी स्पष्ट मुभा दिली आहे.

'डीरॅम-लेस'मधल्या 'लेस'चा अर्थ 'कमी' असा घेतलेला मी पाहिला आहे. इथे तो 'विना' असा आहे : डीरॅम ही वेगवान तात्पुरत्या स्मृतीची चिप ड्राइव्हवर नाही, एवढेच. मराठीत 'डीरॅमविरहित' हा शब्द मला योग्य वाटतो. 'डीरॅमहीन' म्हटले की उगाच हीनत्व चिकटते, आणि 'कॅशविरहित' म्हणणे तर वस्तुस्थितीला सोडून आहे. कारण ड्राइव्हमधल्या ज्या गोष्टीला लोक सर्रास कॅश म्हणतात ती बहुधा वेगळीच असते, आणि ती डीरॅमविरहित ड्राइव्हमध्येही असते.

डीरॅमचे मुख्य काम तुमच्या फायली साठवणे हे नसते. संगणकाला दिसणारा पत्ता आणि फ्लॅशमधली खरी जागा यांची सांगड घालणारी एक सारणी कंट्रोलरला सांभाळावी लागते, कारण मजकूर आत सतत हलत असतो. साधारणपणे दर 4 केबी मजकुरामागे 4 बाइटची एक नोंद असते. म्हणजे सारणी एकूण क्षमतेच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी होते, आणि 500 जीबीच्या ड्राइव्हला सुमारे 500 एमबी जागा लागते. ड्राइव्हवर डीरॅमची चिप असेल तर संपूर्ण सारणी तिच्यात मावते. ती नसेल तर सारणी फ्लॅशमध्ये राहते आणि तिचा छोटासा भाग तेवढा कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत आणला जातो. हवी ती नोंद त्या भागात नसेल तर आधी फ्लॅशमधून नोंद वाचायची आणि मग मजकूर, अशी दोन वाचने होतात. विखुरलेल्या छोट्या वाचनांत जो संथपणा जाणवतो त्याचे मूळ यात आहे. शिवाय बदललेल्या नोंदी फ्लॅशमध्ये वरचेवर परत लिहाव्या लागत असल्याने लेखनवृद्धीही थोडी वाढू शकते.

यावरचा तोडगा 2014 च्या एनव्हीएमई 1.2 मानकात आला. त्यानुसार ड्राइव्ह संगणकाच्या मुख्य रॅममधला एक तुकडा सारणीसाठी मागून घेऊ शकतो. या सोयीला होस्ट मेमरी बफर म्हणतात. मागणी पुष्कळदा 64 एमबीच्या आसपास असते. 500 च्या तुलनेत ती तुटपुंजी वाटते, परंतु वरच्याच हिशेबाने 64 एमबी सारणी सुमारे 64 जीबी मजकुराचे पत्ते सांभाळते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि रोज उघडले जाणारे प्रोग्रॅम यांचा वारंवार वाचला जाणारा भाग एवढ्यात सहसा मावतो, त्यामुळे बूट ड्राइव्हला डीरॅमची उणीव क्वचितच जाणवते. शेकडो जीबींवर पसरलेला डेटाबेस किंवा एकाच वेळी चालणाऱ्या अनेक व्हर्च्युअल मशीन असतील तर मात्र ती जाणवते. ही सोय साटा या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हला उपलब्ध नाही, हा फरक ठळकपणे लक्षात ठेवावा : डीरॅमविरहित एनव्हीएमई आणि डीरॅमविरहित साटा यांना एकाच मापाने तोलणे चुकीचे आहे. लिनक्सवर ही सोय चालू आहे का ते असे पाहता येते :

```
sudo dmesg | grep -i "host memory buffer"
```

उत्तरात `allocated 64 MiB host memory buffer` अशा स्वरूपाची ओळ दिसली तर ड्राइव्हला तुकडा मिळाला आहे. काहीच दिसले नाही तर एक तर ड्राइव्ह मागणी करत नाही, किंवा बूटच्या वेळचे संदेश आता मागे पडून पुसले गेले आहेत.

आता उरली ती दुसरी 'कॅश'. टीएलसी फ्लॅशच्या प्रत्येक पेशीत तीन बिट लिहिणे संथ असते, म्हणून रिकाम्या जागेचा काही भाग पेशीमागे एकच बिट अशा पद्धतीने आधी झपाट्याने भरला जातो आणि मग फुरसतीच्या वेळी तो मजकूर दाटीने पुन्हा लिहिला जातो. याला एसएलसी कॅश म्हणतात. या रीतीने तिप्पट जागा लागते, त्यामुळे 300 जीबी रिकामे असतील तर ही कॅश फार तर 100 जीबीची होऊ शकते, आणि ड्राइव्ह भरत जातो तशी ती आकसते. मोठी फाइल उतरवताना सुरुवातीचा वेग मध्येच कोसळला तर बहुतेकदा हीच कॅश संपलेली असते. डीरॅम असलेल्या ड्राइव्हमध्येही हे होते, तरी दोष 'डीरॅम-लेस' या शब्दावर ढकलला जातो. ओळखायची खूण सोपी आहे : काही दहा जीबी सलग लिहून झाल्यावर वेग पडला आणि थोडा वेळ ड्राइव्ह स्वस्थ ठेवल्यावर परत आला, तर कारण एसएलसी कॅशचे. सलग लेखन ठीक चालते पण ड्राइव्हभर विखुरलेल्या असंख्य छोट्या फायली वाचताना कायमच रेंगाळते, तर मात्र सारणी अपुरी पडत असण्याची शक्यता अधिक.